‘सिस्टर, मी घरी जाऊ का?’

माझी आत्या पोलादपूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं स्टाफ नर्स होती. रिटायर झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, सगळ्यात जास्त भीती कुठल्या पेशंटची वाटायची? मला वाटलं, ती अपघात सांगेल, साप सांगेल, अडलेली बाळंतीण सांगेल. ती म्हणाली, ‘‘जो खाटेवर उठून बसतो, चपला शोधतो आणि म्हणतो, सिस्टर, आता बरं वाटतंय, मी घरी जाऊ का, त्याची.’’

त्या उत्तरामागे महाड-पोलादपूर पट्ट्याची सगळी गोष्ट आहे. इथल्या कितीतरी घरांत एक भाऊ शेती बघतो आणि दुसरा ‘कंपनीत’ जातो. कंपनी म्हणजे बिरवाडीच्या आसपास पसरलेली महाडची एमआयडीसी, तिथले केमिकलचे कारखाने. एकाचे पाय भाताच्या खाचरात, दुसऱ्याचे सेफ्टी शूजमध्ये. दोघांच्या कामात वरवर काहीच सारखं नाही. पण दोघांच्याही कामात एक अपघात असा आहे, की ज्यात माणूस सुरुवातीला ठणठणीत दिसतो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. शेतात तो अपघात विंचवाकडून होतो, कारखान्यात एका तांबूस धुराकडून. मधले शांत तास ज्या माणसाच्या नजरेखाली जातात तो बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. ती सिस्टर असते, किंवा कंपनीत असेल तर ‘ब्रदर’.

आधी विंचू.

कोकणातला लाल विंचू दिसायला काही भयंकर नसतो. बोटाएवढा, तांबूस. दगडाखाली, सालीखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, कौलांच्या सांध्यात, पेंढ्याच्या उडवीत तो बसलेला असतो. तो माणसावर धावून येत नाही, माणूसच त्याच्या घरात हात घालतो. उन्हाळ्यात राबासाठी पालापाचोळा, शेण गोळा करताना, पावसाआधी लाकडं आत घेताना, घर शाकारताना, आणि मग ऑक्टोबरात भातकापणीला पेंढ्या उचलताना. म्हणून दंशाचे मोसमही दोन: उन्हाळ्याचा शेवट आणि कापणीचे दिवस. हा ‘ऑक्युपेशनल हॅझर्ड’ आहे असं कोणी म्हणत नाही, कारण शेतकऱ्याला मस्टर नसतं. पण कामामुळे, कामाच्या जागी, कामाच्या मोसमात होणारी इजा म्हणजे दुसरं काय असतं?

१९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेव्हा विंचू चावलेली माणसं तिथे येत आणि त्यातली बरीच डोळ्यांदेखत मरत. रुग्णालयात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी चारातला एक किंवा त्याहूनही जास्त दगावत, असे त्या काळातले आकडे आहेत. पुस्तकात विंचवाच्या दंशाबद्दल दोन-चार ओळी असायच्या. बावस्करांनी काय केलं, तर ते पेशंटजवळ बसले. रात्रभर. नाडी, बीपी, श्वास, घाम, हातापायांचं तापमान, ठरावीक वेळाने बघायचं आणि लिहायचं. त्या नोंदींतून त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. विषय होता, हृदय कोलमडण्याआधी दिसणारी पूर्वलक्षणं. पुढे १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या उपायाबद्दल लिहिलं. ही बीपीची जुनी, स्वस्त गोळी. ती वापरात आल्यावर मृत्यूंचं प्रमाण काही टक्क्यांवर आणि मग त्याहूनही खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या आणि हे सगळं महाडमध्ये घडलं. मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नाही.

मला यातली गोळीपेक्षा रात्रभर बसण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कारण जो शोध लागला तो मुळात नर्सिंगच्या पद्धतीने लागला. घड्याळ, तक्ता आणि पेशंटच्या तळव्यावर ठेवलेला हात.

विंचवाचं विष शरीरात काय करतं, ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नसांमध्ये सोडियमचे दरवाजे असतात, ते उघडतात आणि मिटतात. विष त्यांना मिटू देत नाही. त्यामुळे आपल्या नकळत चालणारी सगळी यंत्रणा, म्हणजे घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, एकदम भडकते. पहिल्यांदा उलट्या होतात, घामाच्या धारा लागतात, तोंडाला लाळ सुटते. पुरुषांमध्ये लिंग ताठर होतं. हे सांगायला पेशंट लाजतो आणि विचारायला कधीकधी सिस्टरही. पण हे फार महत्त्वाचं लक्षण आहे, त्यामुळे आत्या सरळ विचारायची. त्यानंतर अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, बीपी चढतं. हृदयाला जणू बंद नळावर पाणी ढकलायचं असतं. ते थकतं, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी उतरतं. प्राझोसिन काय करतं? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. नळ उघडतं.

आता एक पेशंट घेऊ. हा कोणी एक माणूस नाही, आत्याने सांगितलेल्या अनेकांना मिळून मी बनवलाय.

पंचेचाळिशीचा शेतकरी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भाताची पेंढी उचलताना उजव्या हाताच्या बोटाला डंख. विंचू दिसला नाही, नुसतं चटकन काहीतरी झालं. गावात अर्धा तास गेला, कोणी मंतर टाकला, कोणी चुना लावला. सव्वासातला जीपमधून आरोग्य केंद्रात. दारातून आत येतो तो स्वतःच्या पायांनी. सोबतचे चार लोक घाबरलेत, हा मात्र म्हणतो, ‘‘दुखायचं कमी झालंय, सिस्टर. आता जाऊ?’’

नवशिक्याचा घोटाळा होतो तो इथे. आपल्याला वाटतं, दुखणं कमी म्हणजे धोका कमी. लाल विंचवाच्या बाबतीत नेमकं उलट असू शकतं. जो पेशंट हात झटकत, ओरडत येतो, पण ज्याचे तळवे गरम आणि कोरडे आहेत, त्याचं विष बहुधा जागच्या जागी राहिलेलं असतं. त्याला वेदना भरपूर, धोका कमी. जो शांत आहे, घामाने निथळतोय आणि ज्याचे हात बर्फासारखे आहेत, तो धोक्यात. म्हणून आत्या पेशंटला ‘किती दुखतंय’ हे दुसऱ्यांदा विचारायची. पहिल्यांदा ती त्याचा हात हातात घ्यायची.

आमच्या या पेशंटचे हात गार, ओले. दोन उलट्या वाटेत झाल्यात. चावलं कुठे ते नीट कळत नाही, सूज नाही, खूण नाही. आत्या संशय आलेल्या बोटावर आपल्या बोटाने हलकीच टिचकी मारते. तो कळवळून हात मागे घेतो. म्हणजे डंख इथेच. बीपी १६० वर ११०. श्वास मिनिटाला २४. हा आकडा पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून मोजलेला आहे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला नाही. एका मिनिटात माणूस चार श्वास जास्त घेतोय की नाही, हे पंधरा सेकंदांत कळत नाही.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र इथे फसवतो. बोट गार असेल तर रक्त तिथवर नीट पोचत नाही, मग यंत्र कधी आकडाच दाखवत नाही, कधी भलताच दाखवतं. नव्या मुलींचा त्या लाल आकड्यावर फार विश्वास, आत्या म्हणायची. यंत्र चुकीचं नाही, पण त्याला गरम बोट लागतं.

मेडिकल ऑफिसरना निरोप जातो, ते सांगतात त्याप्रमाणे प्राझोसिन सुरू होतं. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, तोंडाने. गोळी साधी लागते. दिवसभर हळूहळू विरघळणारी ‘एक्सएल’ गोळी इथे कामाची नाही, कारण आपल्याला परिणाम रात्री आठलाच हवाय. कपाटात कुठली गोळी आहे हे मोसम सुरू होण्याआधी बघून ठेवणं हे सिस्टरचं काम, आणि रात्री आठ वाजता ते बघण्यात अर्थ नसतो.

गोळी दिल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. प्राझोसिनच्या पहिल्या डोसनंतर माणूस एकदम उठून उभा राहिला तर बीपी धाडकन खाली येऊन कोसळू शकतो. म्हणून त्याने तीन तास आडवंच राहायचं. लघवीलाही उठायचं नाही, भांडं द्यायचं. आता हे एका शेतकरी पुरुषाला, त्याच्या भावकीसमोर, पटवणं किती अवघड असेल याची कल्पना करा. आत्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘‘काका, आज एक रात्र माझं ऐका, उद्यापासून घरच्यांचं ऐका.’’

दुसरी लढाई नातेवाइकांशी. ‘‘सिस्टर, सलाइन लावा ना, ताकद येईल.’’ घाम आणि उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेलं असतं हे खरं, आणि ते भरून काढायला हवं, नाहीतर गोळीने बीपी फारच उतरतं. पण शुद्धीवर असलेल्या, गिळता येणाऱ्या पेशंटला ते तोंडाने, ओआरएसच्या घोटाघोटाने देता येतं. ज्या फुप्फुसात पाणी उतरण्याची भीती आहे, त्याच्या शिरेत भराभर दोन बाटल्या ओतणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. इथे सलाइन किती आणि किती वेगाने हे डॉक्टर ठरवतात, बाटलीकडे आशेने बघणारी भावकी नाही.

आठ वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने तक्त्यात एक ओळ: नाडी, बीपी, श्वास, हात गार की गरम, खोकला आहे का. खोकला का? कारण फुप्फुसात पाणी उतरायला लागलं की सगळ्यात आधी एक कोरडी, क्षुल्लक वाटणारी ढास लागते. आडवं पडवत नाही, माणूस उशी मागतो, बसावंसं वाटतं. गुलाबी फेस वगैरे पुस्तकातलं चित्र त्यानंतर येतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. श्वास २४ चा ३० झाला, ढास लागली, की १०८ आणि महाड. ऑक्सिजन लावून, डॉक्टरांशी आधी फोनवर बोलून.

आमच्या पेशंटला अकरा वाजता दुसरा डोस. हात अजून गारच. दोन वाजता आत्या पुन्हा तळवा हातात घेते, तो कोमट लागतो. कोरडा. पेशंट म्हणतो, ‘‘सिस्टर, बोट ठणकायला लागलं हो.’’ या तक्रारीवर आत्या हसायची. पहाटे दोनला दुखतंय म्हणणारा पेशंट तिला हवा असायचा.

विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष, आता आहे. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडचाच अभ्यास आला. त्यात नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेले रुग्ण बरेच लवकर सावरले. पण लस असली तरी ती अर्ध्या तासाची ओळ चुकत नाही.

आता खाली येऊ, सावित्रीच्या काठाने, एमआयडीसीत.

केमिकल कंपनीच्या अपघाताचं आपल्या डोक्यातलं चित्र म्हणजे स्फोट, आग, सायरन. महाडने ते पाहिलंय, नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या एका औषध कंपनीत कामगार मेले तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं. पण मला सांगायचाय तो अपघात बातमीत येत नाही, कारण तो होतो तेव्हा काहीच झालेलं नसतं.

नायट्रिक अ‍ॅसिड ज्या कामात वापरतात तिथे ते कधी सांडतं, कधी पाइपाच्या जोडातून गळतं. धातूवर किंवा लाकडाच्या भुशासारख्या वस्तूवर पडलं की त्यातून तांबूस-पिवळा धूर निघतो. (सांडलेलं नायट्रिक अ‍ॅसिड टिपायला भुसा टाकू नये हे म्हणूनच शिकवतात आणि तरीही भुशाचं पोतं जवळ असतंच.) या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असतो. त्याचा स्वभाव समजला की नर्सचं पुढचं सगळं वागणं समजतं.

अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. म्हणून तो डोळ्यांच्या, नाकाच्या ओलाव्यातच विरघळून जळजळ करतो आणि माणूस जिवाच्या आकांताने पळतो. ती जळजळच त्याला वाचवते. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फार हळू विरघळतो. नाकात-घशात थोडी चुणचुण, थोडा खोकला, बस. माणूस काम चालू ठेवतो. वायू मात्र खोल, हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतो आणि तिथे सावकाश विरघळून आम्ल होतो. पिशव्यांचं अस्तर भाजतं, गळायला लागतं. हे व्हायला तास लागतात. तीन, सहा, बारा, कधी चोवीसच्या पुढेही.

म्हणजे बघा: सेकंड शिफ्टचा एक कंत्राटी मुलगा, वय चोवीस. संध्याकाळी पाचला गळतीजवळ तो पाचेक मिनिटं होता, साधा कापडी मास्क लावून. कापडी मास्क धूळ अडवतो, वायू नाही. थोडा खोकला, डोकं जड, मळमळ. सुपरवायझर त्याला ऑक्युपेशनल हेल्थ सेंटरमध्ये, सगळे ज्याला ओएचसी म्हणतात तिथे, पाठवतो. सहापर्यंत खोकला थांबतो. ऑक्सिमीटर ९८. छाती स्वच्छ. त्या वेळी काढलेला एक्स-रेसुद्धा स्वच्छ येऊ शकतो. पोरगा म्हणतो, ‘‘ब्रदर, आता ओके आहे. बाईक आहे माझी, घरी जाऊ का?’’

घर कुठे? पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर. शेवटचा रस्ता कच्चा. रात्री दोनला त्याला धाप लागली तर रेंज शोधण्यापासून सुरुवात.

मी एका कंपनीत काम केलेल्या ब्रदरशी बोललो. तो म्हणाला, इथे ब्रदरला तीन बाजूंनी दाब असतो. मुलाला घरी जायचंय, कारण तो थांबला तर उद्याची हजेरी बुडेल असं त्याला वाटतं. कंत्राटदाराला रजिस्टरमध्ये नोंद नकोय. सुपरवायझर म्हणतो, ९८ आहे ना, मग? आणि ब्रदरच्या हातात पुरावा काहीच नाही, फक्त त्या वायूचं नाव आहे. तो म्हणाला, ‘‘आकडा बघून निर्णय घ्यायचा नाही, केमिकल बघून घ्यायचा.’’

हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं. कुठला वायू, किती वेळ, किती अंतरावरून, बंद जागा की उघडी, कुठला मास्क, आणि घड्याळातली वेळ. या सहा गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत लिहिल्या गेल्या नाहीत तर रात्री बाराला महाडच्या डॉक्टरांना काहीच सांगता येत नाही. वायू तांबूस होता एवढं जरी कळलं तरी पुढचे चोवीस तास ठरतात: पेशंटला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवायचं, घरी सोडायचं नाही. कपडे बदलायचे. आणि बसवून ठेवायचं, चालवायचं नाही. जिना चढायला लावणं, ‘फ्रेश हो’ म्हणून फेऱ्या मारायला लावणं, उरलेलं काम उरकायला पाठवणं, यातलं काहीही नको. श्रम केले की भाजलेल्या फुप्फुसावरचा ताण वाढतो आणि पाणी लवकर भरतं.

आणि तोच तक्ता. श्वास, पूर्ण मिनिट मोजून. सहाला १८, आठला १८, दहाला २२, अकराला २६ आणि कोरडी ढास. ऑक्सिमीटर अजून ९५ दाखवतोय, कारण मुलगा तरुण आहे, जास्त श्वास घेऊन तो भरपाई करतोय. आकडा शेवटी पडतो. जो माणूस ९० होण्याची वाट बघतो तो दोन तास गमावतो. इथे अकरालाच ऑक्सिजन आणि अँब्युलन्स. आत्याच्या तक्त्यातली ओळ आणि ही ओळ शेजारी शेजारी ठेवली तर कुठली शेतातली आणि कुठली कंपनीतली हे सांगता येणार नाही.

हे झालं अचानक घडणारं. पण रोज थोडं थोडं हुंगणाऱ्याचं काय? भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी ४१-सी हे कलम आलं. धोकादायक कामावर घेण्याआधी तपासणी, आणि काम चालू असताना व सोडल्यावरही बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी, असं त्यात होतं. कामगाराला आपला रेकॉर्ड बघायला मिळाला पाहिजे, हेही होतं. तपासणीतला एक भाग म्हणजे स्पायरोमेट्री, नळीत जोरात फुंकणं. त्यात एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात.

एक उदाहरण सांगतो, आकडे समजण्यासाठी घेतलेले. कामगाराचं वय आणि उंची धरून अपेक्षित आकडा ३.४ लिटर. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर म्हणजे २.७ च्या वर असेल तर रिपोर्टवर सरसकट ‘नॉर्मल’ शिक्का बसतो. या माणसाचा भरतीच्या वेळचा आकडा ३.५. या वर्षी २.९. रिपोर्ट काय म्हणतो? नॉर्मल. पण वयाने वर्षाला साधारण तीस मिलिलिटर कमी होतात आणि या माणसाचे सहाशे गेलेत, सतरा टक्के. तो जगाच्या तुलनेत नॉर्मल आहे, स्वतःच्या तुलनेत नाही. ही गोष्ट शिक्का बघून कळत नाही, जुनी फाइल शेजारी ठेवून कळते. आणि फाइल काढणारा हात बहुधा नर्सचा असतो.

अर्थात आधी फुंकर नीट होती का ते बघावं लागतं. नाइट शिफ्ट करून आलेला, रांगेत वैतागलेला माणूस अर्धवट फुंकतो. म्हणून तीन वेळा फुंकायला लावायचं आणि त्यातले मोठे दोन आकडे जवळपास जुळायला हवेत. न जुळल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. तपासणी कॅम्पला शंभर माणसं एका दुपारी ‘उरकतात’ तेव्हा हे होत नाही, आणि मग कागद असतात, माहिती नसते.

त्याहून मोठी अडचण कंत्राटी कामगाराची. तो या वर्षी एका कंत्राटदाराकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, गेट बदललेलं. प्रत्येक ठिकाणी तो ‘नवा’ आणि त्याची फाइल पहिल्या पानापासून. ३.५ कुठेच लिहिलेलं नाही, फक्त २.९, नॉर्मल. तुमच्यापैकी कोणी सुट्टीत कंपनीत लागणार असाल, किंवा घरातलं कोणी लागलेलं असेल, तर त्या स्पायरोमेट्रीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फाइल तुमच्याबरोबर गेट बदलत नाही, फोटो बदलतो.

ओएचसीच्या रजिस्टरमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते. महिन्याभरात तीन माणसं ‘किरकोळ खोकला’ म्हणून आली, तिघांना गोळ्या दिल्या, तिघं गेली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शिफ्टला. ब्रदरने नावाच्या पुढे कामाची जागाही लिहिली असेल तर तिघंही एकाच पंपाजवळची निघतात. मग तो डॉक्टरांना आणि सेफ्टी ऑफिसरला सांगतो, पंपाचं सील तपासलं जातं. गोळीने खोकला बरा होतो, सील बदलल्यावर तो येतच नाही. आत्याचंही असंच. एका वाडीतून आठवड्यात दोन दंश आले की ती आशाताईंना बरोबर घेऊन तिकडे जायची आणि गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीपासून लांब हलवायला लावायची. चप्पल झटकून घाला, हात घालण्याआधी काठी घाला, रात्री खाट भिंतीला लावू नका, ही तिची तीन वाक्यं. लोक ऐकायचे? ‘‘दंश झालेल्या घरातले ऐकायचे,’’ ती म्हणाली, ‘‘शेजारचे नाही.’’

त्या चोवीस वर्षांच्या मुलाकडे परत येतो. समजा तो वाचला, चार दिवसांनी घरी गेला, पुन्हा कामावर आला. तांबूस धुराचा एक दुसरा फेरा असतो, तो दोन ते सहा आठवड्यांनी येऊ शकतो. बारीक श्वासनळ्यांत व्रण धरतो आणि पुन्हा दम लागायला लागतो. तोवर सगळे अपघात विसरलेले असतात, मुलगाही. सर्दी समजून तो मेडिकलमधून सिरप घेतो. म्हणून त्या ब्रदरने आपल्या डायरीत पुढच्या तारखा लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली होती, दुसरा आठवडा, चौथा, सहावा. त्या दिवशी तो फोन करायचा.

‘‘काय रे, वाडीचा चढ चढताना दम लागतो का?’’

‘‘नाय ब्रदर, तसा नाय.’’

‘‘मध्ये थांबायला लागतं?’’

‘‘एकदा थांबतो. आंब्याखाली.’’

‘‘आधी थांबायचास?’’

फोनवर जरा वेळ काहीच नाही.

‘‘उद्या शिफ्टच्या आधी ये. बाईकवर नको, एसटीने ये.’’